पट्टी तुटली हे काउंटरला कसे कळते?

धातूच्या किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या छोट्या पट्टीची थकवा-चाचणी करायला फार मोठे यंत्र लागत नाही. मोटरच्या दांड्यावर एक चकती बसवतात आणि तिच्यावर केंद्रापासून थोडी बाजूला एक खुंटी ठोकतात. खुंटी केंद्रापासून ३ मिमीवर असेल, तर तिला जोडलेली कडी दर फेऱ्याला पट्टीचे मोकळे टोक ३ मिमी वर आणि ३ मिमी खाली नेते. पट्टीचे दुसरे टोक पक्के आवळलेले असते.

समजा, २ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी पकडीबाहेर ६० मिमी मोकळी आहे. या हिशेबाने तिच्या बुडाशी सुमारे १७५ मेगापास्कल ताण येतो. पट्टी एका वाकवण्याने मोडत नाही, पण असे काही लाख वेळा झाले की मोडते. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर दहा लाख फेरे साडेअकरा तासांत होतात, म्हणजे यंत्र रात्रभर एकटेच चालते. मोजणीसाठी चकतीवर लोहचुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर पुरतो. साधा यांत्रिक स्विच मात्र एका दाबाला दोनदा-तीनदा मोजू शकतो. म्हणून काउंटरचा आकडा मोटरचा वेग गुणिले वेळ याच्याशी एकदा तरी ताडून पाहावा.

खरी गोम पुढे आहे. हे यंत्र ठरलेले बळ लावत नाही, ठरलेले अंतर वाकवते. भेग पडली की पट्टी लवचीक होते, तेवढेच अंतर वाकवायला कमी बळ पुरते आणि भेगेची वाढ मंदावते. पट्टी अर्धवट चिरलेल्या अवस्थेत बराच वेळ हलत राहते आणि काउंटर मुकाट्याने पुढे मोजत जातो. म्हणून पकडीखाली बळ मोजणारा लोड सेल बसवतात आणि बळ सुरुवातीपेक्षा, उदाहरणार्थ, १० टक्क्यांनी उतरले की मोटर बंद होईल अशी सोय करतात. ही मर्यादा नोंदवहीत लिहिली नसेल, तर दोन पट्ट्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कडीच्या सांध्यात ढिलेपणा आला की खटखट ऐकू येते. तेव्हा टोक ३ मिमी हलतच नसते, पट्टी उगाच टिकाऊ ठरते. डायल गेज लावून हात-फेऱ्याने ते अंतर तपासता येते. पट्टी नेमकी पकडीच्या धारेवर तुटली, तर दोष बहुधा पकडीच्या घासण्याचा असतो. तो निकाल बाजूला ठेवून पट्टीची मधली रुंदी कमी करतात, म्हणजे ती तिथेच तुटते.

प्रिंट केलेल्या पीएलएच्या पट्टीला एवढा वेग सोसत नाही. प्लास्टिकमधून उष्णता लवकर निघत नाही, आणि पीएलए साधारण ६० अंशांपाशी मऊ पडू लागते. पट्टी हाताला गरम लागली तर ती थकव्याने गेली की उष्णतेने, हे सांगता येत नाही. अशा वेळी वेग सेकंदाला दोन-तीन फेऱ्यांवर आणतात. थर पट्टीच्या लांबीला आडवे असतील, तर ती थरांच्या जोडातच उकलते, त्यामुळे थरांची दिशा प्रत्येक नमुन्यावर लिहून ठेवतात.