वाढदिवसाला वेळ नसते

पुण्यात राहणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या फोनमधील कॅलेंडरमध्ये ऑगस्ट २०२६ मधील तीन नोंदी आहेत, अशी कल्पना करू. पहिली, १२ ऑगस्टला आईचा वाढदिवस. दुसरी, रोज सकाळी ८ वाजता थायरॉइडची गोळी. तिसरी, १३ ऑगस्टला सकाळी १० वाजता पुण्यातील सहकाऱ्यांशी दूरध्वनीवरून बैठक. या बाई १० ऑगस्टला न्यूयॉर्कला पोहोचतात. फोन तेथील प्रमाणवेळ आपोआप स्वीकारतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. आता या तीन नोंदींचे काय व्हायला हवे?

बैठकीच्या बाबतीत शंका नाही. पुण्यात १३ तारखेचे सकाळचे १० वाजतील तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास झालेला असेल, म्हणून फोनने ती नोंद १३ तारखेच्या १२.३० वर सरकवली पाहिजे. गोळी मात्र न्यूयॉर्कमधील सकाळी ८ वाजताच घ्यायची आहे. भारतातील ८ धरले तर फोन आदल्या रात्री साडेदहाला वाजेल. आणि वाढदिवस? तो १२ तारखेचा आहे, एवढेच. न्यूयॉर्कच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतही तो १२ च्याच चौकटीत हवा. तिन्ही नोंदी कागदी डायरीत शेजारी शेजारी लिहिता येतात आणि माणूस त्यांतील फरक न सांगता ओळखतो. संगणकाला तो सांगावा लागतो. सांगितला नाही तर काय होते ते वाढदिवसावरून पाहू.

संगणकात काळाची नोंद ठेवण्याची सर्वांत सोयीची रीत म्हणजे एका ठरावीक क्षणापासून किती सेकंद झाले ते मोजणे. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजतात, आणि ही मध्यरात्र जागतिक वेळेची, म्हणजे यूटीसीची असते. या पद्धतीत प्रत्येक क्षणाला एकच संख्या मिळते. ती पुण्यातही तीच, न्यूयॉर्कमध्येही तीच. दाखवताना तेवढी स्थानिक वेळेत रूपांतरित करायची. बैठकीसाठी ही रीत उत्तम आहे. परंतु कॅलेंडर तयार करणाऱ्याने सगळ्याच नोंदी या साच्यात बसवायच्या ठरवल्या, तर वाढदिवसासाठीही त्याला एखादा क्षण शोधावा लागतो. बहुधा तो म्हणतो, १२ ऑगस्टचा दिवस म्हणजे १२ तारखेच्या मध्यरात्रीपासून पुढचे २४ तास. बाईंनी नोंद पुण्यात केली, म्हणून मध्यरात्र भारतीय धरली जाते. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तो क्षण जागतिक वेळेने ११ ऑगस्टच्या संध्याकाळचे साडेसहा असा होतो. सेकंदांत मोजला तर १,७८,६४,७३,०००.

न्यूयॉर्कमध्ये फोन हीच संख्या उलट फिरवतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात जागतिक वेळेच्या चार तास मागे, म्हणून उत्तर येते ११ ऑगस्ट, दुपारचे अडीच. वाढदिवस आता ११ तारखेच्या दुपारी सुरू होऊन १२ च्या दुपारी संपतो. कॅलेंडर दोन चौकटींत पट्टी काढते, किंवा नुसती सुरुवातीची तारीख पाहून सगळा वाढदिवस ११ तारखेला दाखवते. त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. दीड तास मागे असलेल्या दुबईत तो ११ तारखेच्या रात्री साडेदहाला सुरू होईल. पूर्वेला सिंगापूरला गेल्यास सुरुवात १२ तारखेच्या पहाटे अडीचला होईल आणि शेपूट १३ तारखेत शिरेल. हिशेबात कोठेही चूक नाही. चूक आहे ती ज्याला क्षण नव्हता त्याला क्षण चिकटवण्यात.

हा दोष भारतात बसून सहसा दिसत नाही, आणि त्याचे एक कारण गमतीचे आहे. वेबपानांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत नुसती तारीख अशी दिली,

```
new Date("2026-08-12")
```

तर ती त्या दिवसाची जागतिक वेळेची मध्यरात्र मानली जाते. भारतात हा क्षण १२ तारखेच्या पहाटे साडेपाचला येतो. तारीख बरोबर दिसते, प्रोग्रॅम लिहिणारा समाधानाने पुढे जातो. न्यूयॉर्कमध्ये त्याच क्षणी ११ तारखेच्या रात्रीचे ८ वाजलेले असतात. थोडक्यात, ग्रीनिचच्या पूर्वेला बसणाऱ्यांना चूक दिसत नाही आणि पश्चिमेला राहणाऱ्यांच्या तारखा एकेक दिवसाने मागे जातात.

काही जण यावर युक्ती काढतात. मध्यरात्रीऐवजी जागतिक वेळेची दुपारचे १२ ही वेळ साठवायची, म्हणजे कोठेही गेले तरी तारीख तीच राहील. पुष्कळ ठिकाणी ती राहतेही. पण न्यूझीलंडचे घड्याळ हिवाळ्यात १२ आणि उन्हाळ्यात १३ तास पुढे असते, त्यामुळे तेथे दुसरा दिवस उजाडतो. म्हणून एखादे कॅलेंडर पारखायचे असेल तर घरबसल्या असे करावे. फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ ठरवण्याचा पर्याय बंद करावा, एक वाढदिवस नोंदवावा, आणि कालविभाग आधी होनोलुलूचा व मग ऑकलंडचा निवडून पाहावा. दोन्ही टोकांना पट्टी त्याच एका चौकटीत राहिली, तर नोंद तारीख म्हणून साठवली आहे असे समजायला हरकत नाही. शाळेच्या संगणक-कक्षातही हा प्रयोग दहा मिनिटांत होतो.

खरा उपाय म्हणजे तारखेला तारीखच राहू देणे. वेगवेगळ्या कॅलेंडरांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून १९९८ मध्ये आयकॅलेंडर नावाचा एक आराखडा प्रसिद्ध झाला आणि २००९ मध्ये तो सुधारण्यात आला. आपल्या तीन नोंदींची सुरुवात त्यात अशी लिहिता येते:

```
DTSTART;VALUE=DATE:20260812
DTSTART:20260811T080000
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20260813T100000
```

पहिल्या ओळीत वर्ष, महिना, दिवस आहेत, वेळ नाहीच. त्यामुळे रूपांतर करण्यासारखे तेथे काही उरत नाही. तिसऱ्या ओळीत वेळेबरोबर ती कोणत्या कालविभागातील आहे हेही सांगितले आहे. मधली ओळ नीट पाहावी. तिच्यात वेळ आहे, सकाळचे ८, पण ती कोठली हे मुद्दाम सांगितलेले नाही. अशा वेळेला तरंगती वेळ म्हणतात. पाहणारा ज्या गावी असेल तेथील ८ असा तिचा अर्थ. गोळी, सकाळचा गजर, संध्याकाळचे फिरणे या नोंदी या प्रकारच्या असतात.

तरंगत्या वेळेचा एक गुणधर्म मात्र ध्यानात ठेवायला हवा. पाहणारा कोठे आहे हे कळेपर्यंत ती काळाच्या रेषेवर कोणत्याच बिंदूवर नसते. 'या नोंदीला अजून किती मिनिटे आहेत?' या प्रश्नाला कालविभाग ठाऊक असल्याशिवाय उत्तर नाही. म्हणूनच दोघांनी मिळून पाळायची वेळ तरंगती ठेवता येत नाही. बाईंनी बैठकीची नोंद कालविभागाशिवाय लिहून लंडनच्या सहकाऱ्याला पाठवली, तर तो आपल्या १० वाजता दूरध्वनी उचलेल. तेव्हा पुण्यात दुपारचे अडीच वाजलेले असतील. गोळीबाबतही सरसकट नियम करता येणार नाही. दिवसातून एकदा सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी तरंगती चालते. पण दर आठ तासांनी घ्यायच्या प्रतिजैविकात दोन मात्रांमधले अंतर महत्त्वाचे असते. न्यूयॉर्कला जाताना ती स्थानिक घड्याळावर सोडली, तर एका ठिकाणी आठऐवजी साडेसतरा तासांचे अंतर पडेल. तेथे सेकंद मोजण्याची जुनी रीतच बरोबर.

पूर्ण दिवसाच्या नोंदींमध्येही असाच फसवा प्रकार आहे. समजा, एका अर्जाची शेवटची तारीख १४ ऑगस्ट आहे. बाई ती कॅलेंडरमध्ये वाढदिवसासारखीच पूर्ण दिवस म्हणून टाकतात. न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेच्या संध्याकाळी ६ वाजता फोन अजून 'आज शेवटचा दिवस' असेच दाखवत असतो, आणि भारतात मात्र १५ तारखेच्या पहाटेचे साडेतीन झालेले असतात. अर्जाची खिडकी न्यूयॉर्कच्या वेळेने दुपारी अडीचलाच बंद झाली. शेवटची तारीख दिसते दिवसासारखी, पण ती असते एका विशिष्ट ठिकाणचा एक क्षण. अशी नोंद भारतीय वेळेने रात्री ११.५९ अशी कालविभागासह करावी. पूर्ण दिवसाची खूण करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारला तर सहसा घोटाळा होत नाही: मी दुसऱ्या देशात असेन तर ही गोष्ट तेथील दिवसाप्रमाणे चालेल, की इकडच्या?

आपल्या सणांना हा प्रश्न विचारला की उत्तर अडखळते. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनावरून ठरते, म्हणून ती सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो. पण सण कोणत्या दिवशी, हे स्थानिक दिवसावरून ठरते. गणेश चतुर्थीसाठी मध्यान्ही, म्हणजे दिवसाच्या मधल्या भागात, चतुर्थी असावी लागते. २०२५ मध्ये भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतीय वेळेने २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. २६ चा मध्यान्ह उलटून गेलेला होता, म्हणून आपल्याकडे गणपती २७ ला बसले. न्यूयॉर्कच्या घड्याळाने हीच चतुर्थी २६ च्या पहाटे साडेचारला लागून २७ च्या सकाळी सव्वासहाला संपली. तेथील मध्यान्ह तिच्यात सापडला तो २६ तारखेचा. म्हणजे इकडची दिनदर्शिका जशीच्या तशी न्यूयॉर्कला नेली, तर तिच्यातील वाढदिवस बरोबर राहतात आणि शासकीय सुट्ट्या सुट्ट्या म्हणून बरोबर राहतात, पण पंचांगातील दिवस प्रत्येक गावाच्या सूर्योदय-सूर्यास्तावरून पुन्हा काढावा लागतो. आयकॅलेंडरच्या मूळ आराखड्यात त्यासाठी ओळ नाही. मुंबईसाठी एक तारीख, न्यूयॉर्कसाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात.