मूल चवड्यावर चालते तेव्हा: सवय कोणती आणि तपासणी कधी

आपल्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरताना आयांकडून आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : "सिस्टर, पोरगं टाच टेकवतच नाही, चवड्यावरच धावतं. काही बिघडलंय का?" त्यावर घरातली आजी लगेच म्हणते, "ह्याचा बाप पण असाच चालायचा, सुटेल आपोआप." बहुतेक वेळा आजीचे म्हणणे खरे ठरते. पण काही मुलांच्या बाबतीत याच वाक्यामुळे दोन-तीन वर्षे हातची जातात. म्हणून हा फरक घरीच कसा ओळखायचा, ते या वेळी सविस्तर पाहू.

चालायला शिकणारे मूल तोल सांभाळत असते. पाय फाकवून, हात वर धरून, कधी पूर्ण पाऊल टेकवून तर कधी चवड्यावर, असे सगळे प्रकार ते करून बघते. त्यामुळे चालायला लागल्यापासून साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत अधूनमधून चवड्यावर चालणे हा शिकण्याचाच भाग असतो. पुढे टाच आधी आणि चवडा नंतर, अशी मोठ्या माणसासारखी चाल येऊ लागते. तीन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल बहुतेक वेळ चवड्यावरच चालत असेल, तर दुसरे काहीही लक्षण नसले तरी एकदा डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतरही सगळ्यांनाच आजार निघतो असे नाही. स्वीडनमधल्या एका पाहणीत साडेपाच वर्षांची १४३६ मुले तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातली ७० मुले कधी ना कधी चवड्यावर चालणारी होती. त्यांपैकी ४० जणांची सवय तोपर्यंत आपोआप सुटली होती आणि ३० जणांची राहिली होती. अशा सवयीच्या चालीत घरातले आणखी कोणी लहानपणी तसे चाललेले असणे हेही बऱ्याचदा आढळते. म्हणजे आजीची आठवण खोटी नसते. पण ही नुसती सवय आहे असे डॉक्टर शेवटी म्हणतात, बाकीची कारणे तपासून बाजूला काढल्यावर. आपण ते आधीच ठरवून मोकळे होतो, तिथे चूक होते.

आता घरी करायच्या तीन परीक्षा सांगतो. यासाठी पैसा लागत नाही, फक्त मोकळी फरशी लागते.

पहिली परीक्षा टाचेची. मुलाला भिंतीला पाठ लावून उभे करा आणि खेळात म्हणा, "टाच टेकव बघू." मग त्याचे तळवे ओले करून कोरड्या फरशीवर चालायला सांगा. सांगितल्यावर टाच टेकते, पावलाचा पूर्ण ठसा उमटतो, पण खेळाच्या नादात मूल पुन्हा चवड्यावर जाते, तर ते सवयीकडे झुकणारे चिन्ह आहे. सांगूनही टाच खाली येतच नसेल, किंवा एकाच पायाची टाच वर राहत असेल, तर ती सवय समजू नका.

दुसरी परीक्षा उकिडवे बसण्याची. आपली मुले मातीत खेळताना सहज उकिडवी बसतात, तेव्हा टाचा जमिनीला टेकलेल्या असतात. टाचा उचलूनच बसावे लागत असेल किंवा मूल मागे पडत असेल, तर पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची दोरीसारखी शीर आखडलेली असू शकते. वर्षानुवर्षे चवड्यावर चालणाऱ्या निरोगी मुलातही ती आखडते. मग सवय सोडायची म्हटली तरी पाऊल साथ देत नाही. याची खात्री करायची तर मुलाला उताणे झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच हातात धरा आणि पाऊल हळूच नडगीच्या दिशेने वर ढकला. पाऊल काटकोनाच्याही थोडे पुढे जायला हवे. काटकोनापाशी किंवा त्याआधीच अडत असेल तर जोर लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

तिसरी परीक्षा उठण्याची, आणि तीच लोक सर्वात कमी करतात. मुलाला चटईवर पाय पसरून बसवा आणि काही न धरता उठायला सांगा. तीन-चार वर्षांचे मूल चटकन उठते. जे मूल आधी पालथे वळते, हात जमिनीवर रोवते, कुल्ले वर उचलते आणि मग आपल्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात ठेवत चढल्यासारखे उभे राहते, त्या मुलाच्या मांड्या आणि कंबर कमकुवत आहेत.

ही तिसरी परीक्षा इतकी महत्त्वाची का, ते अंबरनाथच्या एका मुलावरून समजेल. वय चार वर्षे. पहिले पाऊल अठरा महिन्यांनी टाकलेले. चवड्यावर चालायचा, पोट पुढे काढून डुलत डुलत. वारंवार पडायचा. रेल्वेच्या जिन्यावर कठड्याला धरल्याशिवाय चढायचा नाही. पोटऱ्या मात्र जाडजूड, घट्ट. त्यामुळे नातेवाईक कौतुकाने त्याला पैलवान म्हणायचे. कोणी मालिश सुचवली, कोणी जड बूट. आम्ही त्याला चटईवरून उठायला सांगितले तेव्हा तो मांड्यांवर हात टेकत उठला. आम्ही आईला विचारले, "ताई, तुमच्या माहेरी कुणा मुलाला असं झालं होतं का?" ती म्हणाली, "माझा एक मामा दहा-अकरा वर्षांचा झाला आणि चालायचाच बंद झाला होता."

डॉक्टरांनी त्याच्या रक्ताची सीपीके नावाची तपासणी सांगितली. स्नायू झिजले की हा घटक रक्तात उतरतो. एरवी त्याचा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. या मुलाचा बारा हजारांवर निघाला. पुढे जनुकाची तपासणी झाली आणि ड्युशेन नावाचा स्नायूंचा आजार ठरला. हा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. पोटरी जाड दिसते, पण ती ताकद नसते. मेलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरलेली असते. मांड्या-कंबर दुबळ्या झाल्यामुळे मूल पोट पुढे काढते, टाच उचलते आणि त्यावर आपला तोल राखते. म्हणजे ही चाल त्याचा आधार असते. अशा मुलाची टाचेची शीर घाईने ऑपरेशन करून सैल केली, तर त्याचे चालणेच थांबू शकते. भूल देतानाही या मुलांना काही औषधांचा धोका असतो. म्हणून निदान आधी, ऑपरेशनचा विचार नंतर.

हा आजार आज पूर्ण बरा होत नाही. पण वेळेवर सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चालणे काही वर्षे अधिक टिकते, आणि हृदय व फुप्फुसांची देखरेख वेळीच सुरू होते. दुसरी गोष्ट तितकीच मोठी. बऱ्याच घरांत हा दोष आईकडून मुलाकडे आलेला असतो, तिला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसताना. त्यामुळे पुढच्या बाळंतपणाआधी आई आणि तिच्या बहिणी यांना तपासणी व सल्ला मिळायला हवा. यात आईचा काही अपराध नाही, कोणाची नजर नाही, मागल्या जन्मीचे काही नाही. हा जनुकातला बदल आहे, आणि सुनेला बोल लावणाऱ्या घराला हे स्पष्ट सांगावे लागते.

वयाची वाट न पाहता दाखवायला हवीत अशी आणखी दोन प्रकारची मुले असतात. एक म्हणजे जन्मतः उशिरा रडलेले, दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा काचेच्या पेटीत ठेवलेले बाळ, ज्याचे पाय कडक लागतात, लंगोट बदलताना मांड्या कात्रीसारख्या आवळतात, किंवा जे एका वर्षाच्या आतच एकच हात वापरते आणि दुसऱ्याची मूठ आवळून ठेवते. इथे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू ताठ झालेले असू शकतात. दुसरे म्हणजे चवड्यावर चालणे आणि त्यासोबत नावाने हाक मारल्यावर न बघणे, बोट दाखवून काही न मागणे, आलेले शब्द जाणे. तिथे स्वमग्नतेची तपासणी हवी. नुसत्या चालीवरून मात्र स्वमग्नता ठरत नाही. या दोघांशिवाय, आधी नीट टाच टेकवून चालणारे मूल नंतर चवड्यावर चालू लागले, तर तेही ताबडतोब दाखवा.

दाखवायचे कुठे? अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तपासणी करते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि सेविकाताईंना चालीविषयी आधीच सांगून ठेवा. एरवी उल्हासनगर कॅम्प ३ चे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा बदलापूरचे सरकारी रुग्णालय इथल्या बालरोग ओपीडीपासून सुरुवात करा. पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मिळाली तर मुंबईत परळचे वाडिया रुग्णालय आहे आणि हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. हाजी अलीसाठी दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावे. जाताना जन्माच्या वेळचे कागद आणि लसीकरणाचे कार्ड न्या. मोबाइलवर मुलाच्या चालण्याचा समोरून व बाजूने, आणि चटईवरून उठण्याचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मूल रडते, कडेवरून उतरत नाही, आणि डॉक्टरांना चाल दिसतच नाही.

तपासणीत सवयच निघाली तर उपाय साधे असतात. फिजिओथेरपिस्ट पोटरी ताणण्याचा व्यायाम शिकवतात. तो रोज करावा लागतो. शीर जास्त आखडली असेल तर काही आठवडे प्लास्टर बदलत बदलत पाऊल हळूहळू वर आणतात. घरी मुलाला अनवाणी खेळू द्या, उकिडवे बसून खेळायचे खेळ द्या. वॉकर मात्र काढून टाका. जीन्सच्या कारखान्यात किंवा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आईला तो सोयीचा वाटतो, पण त्यात बाळ लोंबकळत चवड्यांनी जमीन ढकलते आणि तीच ढब शिकते. शिवाय उंबऱ्यावरून तो उलटण्याची भीती वेगळीच. आणि टाच टेकव म्हणून मुलाला मारू नका, ओरडू नका. ज्याची शीर आखडली आहे किंवा ज्याच्या मांडीत बळ नाही, त्याला टाच टेकवणे जमतच नसते.