एकाचे दहा, तरी भांडवल तेवढेच

जून 2025 मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सच्या एका शेअरचे दहा झाले. भागधारकाची मालमत्ता मात्र दसपट झाली नाही, कारण भावही साधारण दहाव्या हिश्शावर आला.

आधी विभाजन झाले. 2 रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे 1 रुपयाचे दोन झाले. शेअरची संख्या बदलली, पण ताळेबंदातले भागभांडवल 2 रुपयेच राहिले. मग प्रत्येकी चार बोनस शेअर मिळाले. त्यांचे 8 रुपये राखीव निधीतून भागभांडवलात गेले आणि ते 10 रुपये झाले. एकूण इक्विटी तेवढीच राहिली.

प्रीमियमने मात्र खरा पैसा येतो. समजा, 2 रुपयांचा शेअर कंपनीने 500 रुपयांना विकला, तर 2 रुपये भागभांडवलात आणि 498 रुपये प्रीमियम खात्यात जमा होतात. या खात्यातून बोनस देता येतो, रोख लाभांश नाही.