चौकटीत दिसलेली चूक

सातवीचा पट दहा. दशांश अपूर्णांकांवरची घटक चाचणी, आठ प्रश्न, प्रत्येकी एक गुण. उत्तरसूची समोर ठेवून मी उत्तरपत्रिका तपासल्या, निकालपत्रकात बेरजा भरल्या आणि वही मिटली. सात, सात, सहा, सहा, पाच, चार, चार, तीन, तीन, दोन. वर्षानुवर्षं असेच आकडे येतात, त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

नंतर कधीतरी त्याच चाचणीचा रंगतक्ता केला. इंग्रजीत त्याला हीटमॅप म्हणतात. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ओळ, प्रत्येक प्रश्नाला एक स्तंभ, उत्तर बरोबर असेल तर १ आणि चूक असेल तर ०. स्प्रेडशीटमध्ये `Conditional formatting` लावून १ च्या चौकटीला गडद रंग दिला की तक्ता तयार. पण एवढ्यावर थांबलं तर समोर नुसती गोधडी दिसते, गडद-फिके तुकडे कुठेही विखुरलेले. तक्ता बोलायला लागतो तो क्रम लावल्यावर. ओळींच्या बेरजेसाठी `=SUM(B2:I2)`, स्तंभांच्या बेरजेसाठी `=SUM(B2:B11)`. मग जास्त गुणांची ओळ वर आणि जास्त जणांना आलेला प्रश्न डावीकडे. एक्सेलमध्ये स्तंभही क्रमाने लावता येतात. गूगल शीट्समध्ये तशी सोय नाही, तिथे `TRANSPOSE` ने तक्ता आडवा करून क्रम लावायचा आणि पुन्हा उभा करायचा.

क्रम लावल्यावर माझा तक्ता असा दिसला. वरच्या रांगेत प्रश्न क्रमांक, डावीकडे हजेरी क्रमांक:

```
 प्रश्न  १ २ ४ ७ ३ ५ ६ ८   गुण
   ४    ■ ■ ■ ■ ■ □ ■ ■   ७
   ९    ■ ■ ■ ■ ■ □ ■ ■   ७
   १    ■ ■ ■ ■ ■ □ ■ □   ६
   ६    ■ ■ ■ ■ ■ ■ □ □   ६
  १०    ■ ■ ■ ■ ■ □ □ □   ५
   ३    □ □ ■ □ ■ □ ■ ■   ४
   ७    ■ ■ ■ ■ □ □ □ □   ४
   २    ■ ■ □ □ □ ■ □ □   ३
   ८    ■ ■ □ □ □ ■ □ □   ३
   ५    ■ □ □ □ □ ■ □ □   २
एकूण    ९ ८ ७ ६ ६ ४ ४ ३
```

सगळं रीतसर असतं तर गडद चौकटींचा जिना दिसला असता: वर-डावीकडे भरगच्च, खाली-उजवीकडे रिकामा. अवघड प्रश्न ज्याला आला त्याला सोपा यायलाच हवा, ही त्यामागची साधी अपेक्षा. जिना इथेही आहे, पण दोन ठिकाणी मोडलेला.

पहिलं ठिकाण प्रश्न ५. त्याच्या शेजारी प्रश्न ६ आहे. दोन्ही प्रश्न चौघांनाच आले, बेरीज सारखी, म्हणजे निकालपत्रकाच्या हिशेबाने दोन्ही सारखेच अवघड. पण प्रश्न ६ ज्यांना आला त्यांतले तिघे वर्गात सर्वांत वर आहेत. प्रश्न ५ मात्र तळाच्या तिघांना आला आणि वरच्या तिघांना नाही. हुशार मुलं चुकतात आणि कच्ची मुलं बरोबर येतात, असा स्तंभ दिसला की मुलांकडे नंतर बघावं, आधी प्रश्नपत्रिकेकडे.

प्रश्न होता: ०.३, ०.२९ आणि ०.१२५ यांपैकी सर्वांत लहान संख्या कोणती? माझ्या उत्तरसूचीत उत्तर होतं ०.३. आदल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत हाच प्रश्न ‘सर्वांत मोठी संख्या कोणती’ असा होता. मी ‘मोठी’चं ‘लहान’ केलं आणि उत्तर तसंच ठेवलं. ज्यांनी ०.१२५ लिहिलं त्या सहा जणांना मीच चूक दिली होती. तपासताना हे कसं लक्षात आलं नाही, असं कोणी विचारेल. दहावी उत्तरपत्रिका हातात येईपर्यंत डोळे प्रश्न वाचत नाहीत, फक्त सूचीशी जुळवतात.

उरलेल्या चौघांना गुण का मिळाले, हे जास्त शिकवणारं आहे. क्रमांक ६ ने घाईत ‘लहान’च्या जागी ‘मोठी’ वाचलं, एवढंच. बाकी तिघांना मी विचारलं. त्यांच्या लेखी ३, २९ आणि १२५ यांत ३ सर्वांत लहान, म्हणून ०.३ सर्वांत लहान. दशांश चिन्हानंतरचे अंक ते पूर्ण संख्येसारखे वाचत होते. त्यांचं नवल वाटायला नको, आपण मोठी माणसंही ०.१२५ ला सर्रास ‘पॉइंट एकशे पंचवीस’ म्हणतो. एकशे पंचवीस म्हटल्यावर ते तिनापेक्षा लहान कसं, हे पोराने कुठून समजून घ्यावं? ‘शून्य पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश’ म्हणायला जीभ वळवावी लागते, पण त्यातल्या ‘सहस्रांश’ या शब्दातच तुकडा केवढा बारीक हे सांगितलेलं असतं. चुकीच्या समजुतीला चुकीच्या सूचीने गुण दिले, आणि दोन्ही चुका एकमेकींच्या आड लपल्या.

सूची दुरुस्त केली तसा प्रश्न ५ चा स्तंभ उलटला. आता तो सहा जणांना आला आणि जिन्यात नीट बसला. बेरजा बदलल्या: क्रमांक ४ आणि ९ ला आठ, १ ला सात, १० ला सहा, ६, ३ आणि ७ ला प्रत्येकी पाच, २ आणि ८ ला दोन, ५ ला एक. क्रम नेहमी याच वाटेने तपासावा: आधी स्तंभ, मग ओळी. प्रश्नच सदोष असेल तर त्याच्यामुळे मुलांच्या ओळी विनाकारण विचित्र दिसतात.

ही पद्धत संगणकाच्या आधीची आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लुई गटमन यांनी १९४४ मध्ये अशा जिन्याची कल्पना मांडली. विषय मुलांच्या परीक्षांचा नव्हता, सैनिकांच्या मतांचा होता. ओळी वर-खाली सरकवायला त्यांच्याकडे सरकत्या पट्ट्यांची फळी होती, म्हणजे स्प्रेडशीटचं काम सुतारकामाने चालत असे. वर्गासाठी ही गोष्ट घडवली ती जपानच्या ताकाहिरो सातो यांनी, १९७० च्या दशकात. ते निप्पॉन इलेक्ट्रिक कंपनीत होते. त्यांच्या तक्त्याला एस-पी तक्ता म्हणतात. एस म्हणजे विद्यार्थी, पी म्हणजे प्रश्न. प्रत्येक ओळीत त्या मुलाला जितके गुण तितक्या चौकटी डावीकडून मोजून तिथे रेघ ओढायची. रेघेच्या डावीकडे रिकामी चौकट किंवा उजवीकडे गडद चौकट दिसली की ती अपेक्षेबाहेरची. स्तंभांसाठीही अशीच वरून खाली मोजून रेघ ओढायची.

आता मोडलेल्या जिन्याचं दुसरं ठिकाण. दुरुस्तीनंतर क्रमांक ६, ७ आणि ३ यांचे गुण सारखे, पाच. पण ६ आणि ७ ने सोपे पाच प्रश्न सोडवलेत. ३ ने सर्वांत सोपे १ आणि २ चुकवले, ७ चुकवला, आणि वर्गाला जड गेलेले ६ आणि ८ बरोबर आणले. सातो यांनी असा विचित्रपणा मोजायला सावधानतेचा निर्देशांक दिला आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. एखादा प्रश्न जितक्या जणांना आला तितकं त्याचं वजन. दुरुस्त तक्त्यात ही वजनं ९, ८, ७, ६, ६, ६, ४, ३. पाच गुण मिळवणाऱ्याने पाच सोपे प्रश्न सोडवले तर वजनांची बेरीज ३६ होते. सोपं-अवघड न पाहता कुठलेही पाच आले असते तर सरासरी ३०.६. क्रमांक ३ ची बेरीज फक्त २६. म्हणजे ३६ पासून तो १० ने खाली, आणि सरासरी मात्र ५.४ नेच खाली. १० भागिले ५.४, सुमारे १.९. क्रमांक ६ आणि ७ चा निर्देशांक शून्य येतो. साधारण ०.५ च्या वर गेला की ती ओळ थांबून पाहावी, असा रिवाज आहे.

थांबून पाहायची म्हणजे उत्तरपत्रिका काढायची, कारण तक्ता कुठे बघायचं ते दाखवतो, का ते सांगत नाही. मनात आलेली पहिली शंका अर्थातच ‘कॉपी’ ही होती, आणि ती चूक निघाली. पहिला प्रश्न होता ७.६ + २.३. त्याने लिहिलं होतं ७.६ + २.६ = १०.२. दुसरा ९.८ − ३.५. त्याच्या कागदावर ९.८ − ३.४ = ६.४. सातवा ३.६ × ४, त्याच्याकडे ३.६ × ५ = १८. तिन्ही ठिकाणी गणित बिनचूक, उतरवलेला आकडा चुकीचा. आणि हेच तीन प्रश्न, कागद वाचवायला, मी फळ्यावर लिहिले होते. बाकीचे पाच छापील होते. मुलगा शेवटच्या बाकावर बसतो. त्याला पुढे बोलावून फळ्यावरचे आकडे वाचायला लावले, ते वाचता आले. मागे जाऊन वाचायला लावले, तेव्हा ६ चा ३ आणि ५ चा ४ होऊ लागला.

या तक्त्यावर किती भिस्त ठेवावी? दहा मुलांच्या वर्गात एक चौकट म्हणजे स्तंभाचा दहावा हिस्सा, तेव्हा एका विचित्र चौकटीवरून काही ठरवू नये. चौकटींत तीन-चार ठिकाणी एकाच दिशेने बिघाड दिसला तरच उठावं. न सोडवलेल्या प्रश्नाला ० न देता वेगळी खूण करावी. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यांचेच कोरे असतील तर तो वेळेचा प्रश्न असतो, समजेचा नाही, आणि ० भरले की हा फरक कायमचा पुसला जातो. प्रश्नांना वेगवेगळे गुण असतील तर मिळालेल्या गुणांऐवजी त्या प्रश्नाच्या एकूण गुणांपैकी किती मिळाले ते प्रमाण भरावं, नाहीतर चार गुणांचा प्रश्न उगाच सगळ्यांत गडद दिसतो. रंग लाल-हिरवा न घेता एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा घ्याव्यात. लाल-हिरवा ओळखू न येणारे शिक्षकही असतात. आणि तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावायचा नाही. मुलांना आपापली ओळ ओळखता येते, आणि शेजाऱ्याचीही.

क्रमांक २, ८ आणि ५ चे गुण सूची दुरुस्त केल्यावर एकेकाने कमी व्हायला हवे होते. मी ते निकालपत्रकात कमी केले नाहीत, क्रमांक ६ चाही नाही. सूची माझी होती. बाकी सहा जणांचा एकेक गुण वाढवला. क्रमांक ३ आता पहिल्या बाकावर बसतो आणि त्याच्या वडिलांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं आहे. फळ्यावरचे प्रश्न मी बंद केले.