परतीची तारीख कोणती लिहायची?

न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेल्यावर सांगलीहून फोन येतो. वडिलांना हृदयविकाराचा झटका आलाय, बायपास करावी लागेल. असा फोन आलेला, एच-१बी व्हिसावर चार वर्षं तिथं नोकरी करणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. तिकीट काढताना तो पासपोर्ट उघडतो, तर व्हिसाच्या शिक्क्याची मुदत केव्हाच संपलेली.

त्याचं अमेरिकेत राहणं मात्र बेकायदा नाही. मुदतवाढीचा मंजुरी कागद, म्हणजे आय-७९७, त्याच्याकडे आहे आणि मुक्काम त्यावर चालतो. शिक्का लागतो तो देशात शिरताना. म्हणून एकदा बाहेर पडला की नवा शिक्का मिळाल्याशिवाय त्याला परतता येणार नाही.

अशा घालमेलीत मॅनेजरला मेसेज जातो, ‘वडील आजारी आहेत, दोन आठवड्यांत येतो.’ चूक इथेच होते, कारण ती तारीख त्याच्या हातात नसते. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीच्या बहुतेक नूतनीकरणांनाही प्रत्यक्ष मुलाखत लागते. १५ डिसेंबर २०२५ पासून अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जाऊ लागली, तेव्हा भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. मुलाखत झाली तरी ‘२२१(जी)’ची चिठ्ठी हातात पडू शकते. मग चौकशी पुरी होईपर्यंत व्हिसा अडकतो.

तातडीची मुलाखत मागता येते, पण आधी डीएस-१६० अर्ज भरून, शुल्क भरून साधी तारीख घ्यावी लागते. इथे पुष्कळ जण गोंधळतात. वकिलातीला जाणून घ्यायचं असतं ते अमेरिकेत लवकर पोहोचण्याचं कारण. सांगलीतली बायपास हे घरी येण्याचं कारण झालं. परतीच्या घाईसाठी कंपनीचं पत्र हवं, त्याच्यावाचून कोणतं काम अडलंय हे नेमकं सांगणारं.

म्हणून मेसेज असा असावा: ‘वडिलांची तातडीची शस्त्रक्रिया आहे, उद्या निघतोय. माझा शिक्का संपला आहे, परतण्यापूर्वी मुंबईच्या वकिलातीतून नवा घ्यावा लागेल. दोन आठवडे रजा हवी आहे, पण व्हिसाला काही महिनेही लागू शकतात. नोकरीचं आणि तातडीचं, अशी दोन पत्रं मिळतील का? कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांशी निघण्यापूर्वी बोलायचं आहे. रजेनंतर भारतातून काम करायला परवानगी आहे का? हाती असलेली कामं कोणाकडे सोपवू?’

परवानगीचा प्रश्न वगळू नये. परदेशातून काम केल्यास कंपनीपुढे कराचे प्रश्न उभे राहतात, काही तंत्रज्ञान निर्यातबंदीच्या नियमात येतं. कित्येक कंपन्या लॅपटॉपच नेऊ देत नाहीत. नकार आला तर पुढचे आठवडे बिनपगारी जाऊ शकतात, आणि न्यू जर्सीतल्या घराचं भाडं तर दर महिन्याला भरायचंच असतं. ते कळायला हवं विमानात बसण्याआधी.