तांब्याचा आलेख शेअर बाजाराबद्दल काय सांगतो?

सोनं लोक जपून ठेवायला घेतात, तांबं मुख्यतः वापरायला घेतलं जातं. घराचं वायरिंग, पंपाच्या मोटरची वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, एसीच्या नळ्या, सगळीकडे ते लागतं. ऑर्डर हातात आल्या की कारखानदार आधी कच्चा माल उचलतो. तो माल विकून झालेला नफा तिमाही निकालात दिसायला पुढे काही महिने जातात. म्हणून तांब्याच्या भावात उद्योगांची हालचाल आधी दिसते, असं बाजारातली मंडळी मानतात आणि या धातूला 'डॉक्टर कॉपर' म्हणतात. पण या डॉक्टरचं निदान कधी बरोबर येतं आणि कधी चुकतं, हे २००८-०९ च्या मंदीत फार स्पष्ट दिसलं.

अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये शिखरावर पोचला आणि उतरू लागला. आपला सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना स्पर्श करून कोसळला. तांबं मात्र त्यानंतरही चढत राहिलं. लंडन मेटल एक्स्चेंजवर त्याचा भाव जुलै २००८ मध्ये टनाला ८,९०० डॉलरच्या आसपास होता. चीनमधले कारखाने आणि बांधकामं तेव्हा जोरात होती, शिवाय गुंतवणूकदारांचा पैसा कच्च्या मालाच्या बाजाराकडे वळला होता. त्या वेळी केवळ तांब्याचा आलेख पाहून शेअर धरून ठेवणाऱ्याला धोक्याची सूचना मिळालीच नसती. शेअर बाजार घसरायला लागून नऊ महिने उलटले, तेव्हा कुठे तांबं वळलं.

तळाशी उलट घडलं. डिसेंबर २००८ च्या अखेरीस तांबं तीन हजार डॉलरच्या खाली जाऊन थांबलं आणि जानेवारीपासून सावरू लागलं. चीनने नोव्हेंबरमध्ये चार लाख कोटी युआनची योजना जाहीर केली होती. रस्ते, रेल्वे, वीज यांवरचा तो खर्च म्हणजे तांब्याची थेट मागणी. ९ मार्च २००९ ला एस अँड पी ६७६ वर आणि सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. दोन्हींचा तो तळ ठरला. त्या दिवशी तांबं आपल्या तळापासून बरंच वर, साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होतं. सगळीकडे निराशा असताना मालाची उचल सुरू झाल्याचं या आलेखात दोन महिने आधीच उमटलं होतं.

पण भाव मागणीमुळेच वाढतो असं नाही. चिलीतल्या एखाद्या मोठ्या खाणीत संप झाला तरी तांबं महागतं, आणि त्याचा कारखान्यांच्या तेजीशी काही संबंध नसतो. यासाठी एक्स्चेंजच्या गोदामांतला साठा पाहावा. भाव चढतोय, साठा उतरतोय आणि खाणी नेहमीप्रमाणे चालू आहेत, तर मागणी खरी असण्याची शक्यता जास्त. भावाबरोबर साठाही वाढत असेल, तर ती तेजी बहुधा सट्ट्याची.

कधी सरकारी निर्णयानेच आलेख वाकडा होतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने तांब्यावर ५० टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि न्यूयॉर्कचा भाव लंडनच्या खूप वर गेला. महिनाअखेरीस शुद्ध तांबं त्या शुल्कातून वगळल्याचं कळताच न्यूयॉर्कचा भाव एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त पडला. या चढउतारात कारखान्यांच्या मागणीचा वाटा नगण्य होता.

आणखी एक मर्यादा मोठी आहे. २०११ च्या सुरुवातीला तांबं दहा हजार डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ते साडेचार हजारांखाली आलं. त्याच पाच वर्षांत एस अँड पी चाळीस टक्क्यांच्या आसपास वर गेला. जगातलं निम्मं तांबं एकटा चीन वापरतो, आणि तिथलं बांधकाम मंदावलं होतं. अमेरिकी निर्देशांकात मात्र सॉफ्टवेअर, औषधं, बँका यांचा भार मोठा आहे, आणि त्यांच्या नफ्याचा तांब्याशी संबंध थोडाच. निफ्टीतही बँका आणि आयटी कंपन्यांचं वजन मोठं असल्यामुळे तांब्याचा आलेख संपूर्ण निफ्टीपेक्षा धातू आणि भांडवली वस्तूंच्या शेअरशी ताडून पाहणं जास्त उपयोगी.

आपल्या वाचकांनी एक पथ्य जरूर पाळावं. एमसीएक्सवर तांब्याचा भाव किलोला रुपयांत असतो. टनाला ९,००० डॉलर भाव आणि ८५ रुपयांचा डॉलर धरला, तर शुल्क आणि खर्च सोडून किलोला ७६५ रुपये होतात. डॉलर ९० रुपये झाला, तर लंडनचा भाव तसूभरही न हलता तेच तांबं ८१० रुपयांवर जातं. म्हणून मागणीचा अंदाज घ्यायचा असेल, तर डॉलरमधलाच आलेख पाहा.