सातव्या स्लॅबचा हप्ता थकतो तेव्हा

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट बुक केला आहे असे धरू. करारानुसार जोत्यानंतर दहा स्लॅबचे मिळून १५ लाख द्यायचे, म्हणजे प्रत्येक स्लॅबला दीड लाख, वर जीएसटी. सातवा स्लॅब पडला, मागणीपत्र आले, मुदत उलटून चाळीस दिवस झाले आणि आता बिल्डरचे स्मरणपत्र हातात पडते.

नीट लिहिलेल्या पत्रात धमकी नसते, हिशेब असतो: “आपला हप्ता राहून गेला असावा. सातवा स्लॅब पूर्ण झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला सोबत आहे. करारातील कलमानुसार विलंबावर व्याज लागू होते. अडचण असल्यास रक्कम तीन भागांत स्वीकारू.” हा दाखला आधी वाचावा. स्लॅब खरोखर पडला नसेल, तर हप्ता देयच होत नाही आणि व्याजाचा प्रश्न उरत नाही.

व्याजाचा दर बिल्डरच्या मर्जीवर नाही. महारेराच्या २०१७च्या नियमांनुसार तो स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरपेक्षा २ टक्के अधिक असतो. ताबा लांबला तर बिल्डरलाही ग्राहकाला याच दराने व्याज द्यावे लागते. पत्रात १८ किंवा २४ टक्के लिहिले असतील, तर तिथेच बोट ठेवावे.

हिशेबापुरता दर ११ टक्के धरू आणि जीएसटी बाजूला ठेवू. दीड लाखावर चाळीस दिवसांचे व्याज सुमारे १,८०८ रुपये होते. आता पन्नास हजार आज, पन्नास हजार पंधरा दिवसांनी आणि उरलेले त्यानंतर पंधरा दिवसांनी, अशी सवलत मिळाली. व्याज उरलेल्या रकमेवरच धावते, म्हणून पहिल्या पंधरवड्याचे ४५२ आणि दुसऱ्याचे २२६ रुपये. एकूण २,४८६. पूर्ण दीड लाखावर सत्तर दिवसांचे व्याज लावले असते तर ३,१६४ झाले असते. व्याज कशावर मोजले हे पत्रात स्पष्ट नसेल, तर विचारून घ्यावे.

अनेकदा ग्राहक हयगय करत नाही, बँकच कर्जाचा हप्ता सोडायला वेळ लावते. पण करार बँकेशी नाही, बिल्डरशी आहे, त्यामुळे व्याज ग्राहकाच्याच डोक्यावर बसते. मागणीपत्र आणि दाखला मिळताच बँकेत पोचवणे बरे.

सवलतीचे पत्र आले म्हणजे थकबाकी माफ झाली, असा समज मात्र करू नये. महारेराच्या नमुना करारात तीन हप्ते चुकल्यावर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार रद्द करण्याची तरतूद आहे. म्हणून ठरलेल्या तारखा ईमेलवर लिहून घ्याव्यात, आणि त्या पाळल्या तर हा हप्ता चुकलेल्यांत मोजला जाणार नाही, हेही त्यातच कबूल करून घ्यावे.